लॅब टेक्निशियनचा बायोडेटा: प्रत्येक ओळीमागे एक नोंदवही

लॅब टेक्निशियनचा बायोडेटा वाचणारा माणूस बहुधा स्वतः प्रयोगशाळेत उभा राहिलेला असतो. तो पॅथॉलॉजिस्ट असतो, गुणवत्ता व्यवस्थापक असतो किंवा विभागाचा ज्येष्ठ तंत्रज्ञ. यंत्राचे नाव वाचले की त्याला त्या यंत्राची सकाळची पहिली पंधरा मिनिटे आठवतात आणि चाचण्यांचा आकडा वाचला की तो मनात भागाकार करतो. प्रयोगशाळेत नोंदीशिवाय काही घडत नाही. यंत्राची देखभाल, कंट्रोलची मूल्ये, नाकारलेले नमुने, सुई टोचल्याची घटना, या सगळ्यांच्या वह्या किंवा फाइली असतात. त्यामुळे या व्यवसायातला चांगला बायोडेटा त्या वह्यांवरूनच लिहिलेला असतो आणि वाचणाऱ्याला ते चटकन कळते.

हे एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, डीएमएलटी झालेली एक तंत्रज्ञ नाशिक जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी साठ खाटांच्या खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सहा वर्षे काम करते आहे. तिला पुण्यातल्या एनएबीएल मानांकन असलेल्या मोठ्या प्रयोगशाळेत अर्ज करायचा आहे. तिच्या पहिल्या मसुद्यात कामाविषयी चार वाक्ये आहेत: ‘सर्व ऑटोमेटेड यंत्रांचे उत्तम ज्ञान. गुणवत्ता नियंत्रण आणि एनएबीएलचा अनुभव. रोज हजारो चाचण्या करण्याची क्षमता. जैववैद्यकीय कचऱ्याच्या सर्व नियमांचे पालन.’ यातले एकही वाक्य खोटे नसेल. पण हीच चार वाक्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप केलेला मुलगाही लिहू शकतो, आणि लिहितोच. तिची सहा वर्षे त्यांत कुठेच दिसत नाहीत.

बायोडेट्याचा वरचा भाग थोडक्यात आटोपावा. नाव, संपर्क, पदविका किंवा पदवी, संस्था व वर्ष, महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडची नोंदणी आणि सध्या कोणत्या विभागात काम चालू आहे, एवढे पुरे. धर्म, उंची, वडिलांचा व्यवसाय ही लग्नाच्या बायोडेट्यातली माहिती इथे निरुपयोगी आहे. आधार क्रमांकही पहिल्याच कागदावर देऊ नये. खरे काम सुरू होते ते यंत्रांपासून.

‘सर्व यंत्रांचे ज्ञान’ याऐवजी यंत्राचे नेमके नाव आणि मॉडेल लिहावे, कारण एकाच कामाच्या दोन यंत्रांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. रक्तातल्या पेशी मोजणारे थ्री-पार्ट यंत्र पांढऱ्या पेशींचे तीन गट पाडते आणि फाइव्ह-पार्ट यंत्र पाच. बायोकेमिस्ट्रीच्या सेमी-ऑटो यंत्रावर तंत्रज्ञ रिएजंट आणि सीरम हाताने मायक्रोपिपेटने मिसळतो. फुली-ऑटो यंत्र ते स्वतः करते आणि तंत्रज्ञाचे लक्ष रिएजंटचा साठा, कॅलिब्रेशन आणि यंत्राने दाखवलेल्या खुणा यांकडे वळते. सेमी-ऑटोवर पाच वर्षे काढलेल्या माणसाने ‘बायोकेमिस्ट्री ॲनालायझर’ एवढेच लिहिले, तर वाचणारा फुली-ऑटो समजतो आणि मुलाखतीत दोघांचाही वेळ जातो. सेमी-ऑटोचा अनुभव लपवण्याचे काही कारण नाही. हाताने पिपेट करणाऱ्याला अचूकता कुठे बिघडते हे बोटांनी माहीत असते.

नावापाठोपाठ त्या यंत्रावर हात किती चालला आहे हे यावे. यंत्र नुसते पाहणे, कोणाच्या देखरेखीखाली वापरणे, स्वतंत्रपणे चालवणे आणि इतरांना शिकवणे या चार निराळ्या पायऱ्या आहेत. बायोडेट्यात त्या एकाच ‘हाताळले’ या शब्दात गाडल्या जातात. कॅलिब्रेशनच्या बाबतीत तर विशेष जपावे. अनेक ठिकाणी पेशी मोजणाऱ्या यंत्राचे कॅलिब्रेशन कंपनीचा अभियंता येऊन करतो आणि त्यानंतर कंट्रोल लावून ते पटले की नाही हे तंत्रज्ञ पाहतो. अशा वेळी ‘कॅलिब्रेशन केले’ असे लिहिणे चूक ठरते. ‘कॅलिब्रेशननंतरची पडताळणी केली’ हे खरे असते, आणि जाणकाराच्या नजरेत तेही कमी मोलाचे नसते.

या तंत्रज्ञेच्या दुसऱ्या मसुद्यात यंत्राची ओळ अशी होते: ‘सिस्मेक्स एक्सएन-550, तीन वर्षे, स्वतंत्रपणे, रोज 60 ते 70 सीबीसी. सकाळची बॅकग्राउंड तपासणी, तीन पातळ्यांचे कंट्रोल, खूण आलेल्या नमुन्यांचे स्मिअर करून पाहणे, रोजचे शटडाउन.’ यातला ‘खूण आलेल्या नमुन्यांचे स्मिअर’ हा तुकडा सगळ्यात बोलका आहे. मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुधा त्याच्यावरच येईल.

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि प्लेटलेटच्या आकड्यावर घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. अशा दिवसांत एका नमुन्यात यंत्र प्लेटलेट 38,000 दाखवते आणि सोबत प्लेटलेट एकमेकींना चिकटल्याची खूणही देते. अननुभवी माणूस आकडा पुढे पाठवतो. अनुभवी तंत्रज्ञ आधी नळी हळूच तिरकी करून गुठळी आहे का ते पाहतो, मग स्मिअर करतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या निमुळत्या कडेला प्लेटलेटचे पुंजके शोधतो. पुंजके दिसले, तर आकडा खोटा आहे हे उघड होते, कारण पुंजक्यातल्या प्लेटलेट यंत्र एकेक करून मोजू शकत नाही. काही व्यक्तींच्या रक्तात हे जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळेच होते. तेव्हा निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजणी करतात. समजा, तिथे 1,72,000 आले. सायट्रेटच्या द्रवामुळे रक्त एक दशांशाने पातळ झालेले असते, म्हणून आकड्याला 1.1 ने गुणायचे. उत्तर 1,89,200. रुग्णाच्या प्लेटलेट पुरेशा आहेत. 38,000 वर विसंबून राहिले असते तर त्याला नाहक प्लेटलेट चढवण्याची वेळ आली असती. ज्याने हे केले आहे त्याला बायोडेट्यात सहा शब्द पुरतात. ज्याने केलेले नाही त्याचे पितळ दुसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते.

यंत्रांनंतर गुणवत्तेच्या मानकांचा भाग येतो, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. ‘एनएबीएल प्रमाणित तंत्रज्ञ’ हे शब्द कित्येक बायोडेट्यांत दिसतात. एनएबीएल व्यक्तीला मानांकन देत नाही. ते प्रयोगशाळेला देते, आणि तेही ठरावीक चाचण्यांच्या यादीपुरते. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ 15189 हे मानक आहे, तर पाणी, अन्न, औषधे, सिमेंट अशा इतर तपासण्यांच्या प्रयोगशाळांसाठी आयएसओ/आयईसी 17025. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलेला आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केलेला, दोघेही ‘आयएसओचा अनुभव’ लिहितात आणि दोघांचे जग वेगळे असते. म्हणून मानकाचा क्रमांक लिहावा. 15189 ची चालू आवृत्ती 2022 ची आहे, त्याआधीची 2012 ची. प्रयोगशाळेने नव्या आवृत्तीकडे जाण्याचे काम केले असेल आणि त्यात आपला काही भाग असेल, तर तो नेमका कोणता हेही लिहावे. कार्यपद्धतीची कागदपत्रे सुधारली, जोखमींची यादी केली, अंतर्गत तपासणीत कोणता विभाग पाहिला, असे.

उदाहरणातल्या तंत्रज्ञेच्या प्रयोगशाळेला मानांकन नाही. तिच्या पहिल्या मसुद्यातला ‘एनएबीएलचा अनुभव’ एका दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर उभा होता. तो काढून टाकून ‘आयएसओ 15189 ची दोन दिवसांची ओळख कार्यशाळा’ असे प्रशिक्षणाच्या रकान्यात टाकणे हाच योग्य मार्ग. त्याने बायोडेटा दुबळा होत नाही, कारण मानांकन नसलेल्या प्रयोगशाळेतही गुणवत्तेचे काम होते आणि ते दाखवता येते. त्यासाठी कंट्रोलच्या वहीकडे वळावे लागते.

कंट्रोल म्हणजे ज्याचे उत्तर साधारण माहीत आहे असा नमुना. रुग्णांचे नमुने लावण्याआधी तो लावायचा आणि मिळालेले मूल्य अपेक्षित पट्ट्यात येते का ते पाहायचे. रोजची मूल्ये ज्या आलेखावर मांडतात त्याला लेव्ही-जेनिंग्ज चार्ट म्हणतात. स्टॅन्ली लेव्ही आणि ई. आर. जेनिंग्ज यांनी 1950 मध्ये तो प्रयोगशाळेच्या कामात आणला. मूल्य कधी मान्य करायचे आणि कधी काम थांबवायचे याचे जेम्स वेस्टगार्ड यांचे नियम 1981 चे आहेत. हे नियम माहीत असल्याचा दावा सगळेच करतात. खरा प्रश्न असतो तो एखादा नियम मोडला गेला त्या दिवशी काय केले हा.

समजा, साखरेच्या कंट्रोलची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन, म्हणजेच एसडी, 3 आहे. सोमवारी मूल्य 106.5 आले. दोन एसडीची रेषा 106 ला आहे, तीनची 109 ला. ते दोनच्या बाहेर आहे पण तीनच्या आत, म्हणून ही नुसती सूचना. मंगळवारी 107 आले. सलग दोनदा, एकाच बाजूला, दोन एसडीच्या बाहेर. आता नियम मोडला गेला. हे योगायोगाने होण्याची शक्यता फार थोडी असते, त्यामुळे सगळीच उत्तरे एका दिशेला सरकली आहेत असे धरून शोध घ्यावा लागतो. वहीत दिसते की सोमवारी सकाळी रिएजंटचा नवा लॉट उघडला होता आणि नवे कॅलिब्रेशन केले नव्हते. कॅलिब्रेशन केल्यावर कंट्रोल 100.5 ला येतो. काम इथेच संपत नाही. सोमवारचे अहवाल त्या सरकलेल्या यंत्रावरच गेले आहेत, म्हणून जपून ठेवलेले नमुने काढून पुन्हा लावायचे आणि फरक डॉक्टरांच्या निर्णयावर परिणाम करण्याइतका असेल तर पॅथॉलॉजिस्टला सांगायचे. चुकीच्या वाटेने जाणारा तंत्रज्ञ काय करतो तेही ठरलेले आहे. तो कंट्रोल पट्ट्यात येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावतो आणि आलेले चांगले मूल्य लिहितो. वहीत सगळे छान दिसते आणि रुग्णांचे आकडे सरकलेलेच राहतात.

म्हणूनच ‘सहा वर्षांत कंट्रोल एकदाही चुकला नाही’ हे वाक्य जाणकाराला खटकते. दोन एसडीच्या पट्ट्याबाहेर वीसातले साधारण एक मूल्य निव्वळ योगायोगाने जातेच. रोज दोन पातळ्यांचे कंट्रोल लावले तर महिन्याच्या 25 दिवसांत पन्नास मूल्ये होतात, त्यांतली दोन-तीन बाहेर पडणे अगदी स्वाभाविक आहे. एकही बाहेर पडत नसेल, तर पट्टा नको इतका रुंद ठेवला आहे किंवा नकोशी मूल्ये लिहिली जात नाहीत. बायोडेट्यात निर्दोषपणाचा दावा करण्यापेक्षा दोष कसा पकडला ते लिहिलेले बरे. तंत्रज्ञेची ओळ अशी होते: ‘बायोकेमिस्ट्री, रोज दोन पातळ्यांचे कंट्रोल, लेव्ही-जेनिंग्ज चार्ट, वेस्टगार्ड नियम. रिएजंटच्या लॉट-बदलानंतर साखरेच्या कंट्रोलमधला सरकाव शोधून पुन्हा कॅलिब्रेशन केले व मधल्या नमुन्यांची फेरतपासणी केली.’

याला जोडून बाह्य गुणवत्ता तपासणीची एक ओळ येते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था सहभागी प्रयोगशाळांना अज्ञात नमुने पाठवतात आणि सगळ्यांच्या उत्तरांशी तुलना करून गुण कळवतात. उणे दोन ते अधिक दोन या मर्यादेतला झेड-स्कोअर समाधानकारक मानला जातो, तीनच्या पलीकडचा असमाधानकारक. इथे लिहायचे ते योजनेचे नाव, विभाग आणि आपले काम. हा अज्ञात नमुना रुग्णाच्या नमुन्यासारखाच एकदा लावायचा असतो. चार वेळा लावून सरासरी पाठवणाऱ्या प्रयोगशाळेला उत्तम गुण मिळाले तरी तिच्या रोजच्या कामाविषयी काहीच कळत नाही.

आता नमुन्यांच्या संख्येकडे. ‘रोज हजार’ या दोन शब्दांत रुग्ण, नळ्या, चाचण्या आणि अहवालातल्या ओळी या चार निरनिराळ्या गोष्टी मिसळतात. या तंत्रज्ञेच्या प्रयोगशाळेत रोज 85 रुग्ण येतात आणि त्यांच्या सुमारे 190 नळ्या होतात. बायोकेमिस्ट्रीत एका दिवशी 30 लिव्हर प्रोफाइल, 20 लिपिड प्रोफाइल, 55 साखरेच्या आणि 45 क्रिएटिनिनच्या चाचण्या आल्या असे धरू. लिव्हर प्रोफाइलच्या अहवालात दहा ओळी छापल्या जातात, पण यंत्र त्यांतले सातच घटक मोजते. इनडायरेक्ट बिलिरुबिन, ग्लोब्युलिन आणि त्याचे अल्ब्युमिनशी गुणोत्तर हे वजाबाकी-भागाकाराने काढतात. लिपिड प्रोफाइलमध्ये सहा ओळी, पण मोजलेले घटक तीन: कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल. एलडीएल इथे फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढले जाते. (ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की ते सूत्र लागू पडत नाही आणि एलडीएल थेट मोजावे लागते, मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात.) म्हणजे यंत्राने केलेल्या चाचण्या 210, 60, 55 आणि 45 मिळून 370 झाल्या, आणि अहवालातल्या ओळी 300, 120, 55 आणि 45 मिळून 520. दोन्ही आकडे खरे आहेत, पण आपण काय मोजले ते सांगितले तरच. कंट्रोल आणि कॅलिब्रेशनच्या फेऱ्या यात धरायच्या नसतात.

वाचणारा इथे यंत्राच्या वेगाशी ताळा करतो. ताशी 200 चाचण्या करणारे एकच यंत्र आणि आठ तासांची पाळी असेल, तर सैद्धांतिक कमाल 1,600 होते, आणि प्रत्यक्षात कंट्रोल, स्वच्छता, नमुने येण्याची वाट यात त्यातला बराच वेळ जातो. त्या यंत्रावर एकट्याने रोज 3,000 चाचण्या केल्याचा दावा आला, तर पुढचे काही वाचायची गरज उरत नाही. 370 चाचण्यांना अशा यंत्रावर दोन तासांहून थोडा कमी वेळ लागतो, म्हणून तो आकडा विश्वास बसण्याजोगा आहे. तो प्रयोगशाळेचा एकूण आकडा आहे की आपल्या पाळीतला, हेही लिहावे. चौघांच्या कामाची बेरीज एकाच्या नावावर गेली की पुढे संदर्भासाठी जुन्या ठिकाणी फोन गेल्यावर अडचण होते.

संख्येइतकीच महत्त्वाची, पण बायोडेट्यात सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे नाकारलेले नमुने. महिन्याच्या 26 दिवसांत 190 प्रमाणे 4,940 नळ्या होतात. समजा, त्यांतल्या 44 नाकारल्या गेल्या. वही उघडून कारणे पाहिली, तर त्यांतल्या 19 निळ्या झाकणाच्या, अपुऱ्या भरलेल्या. रक्त गोठण्याच्या तपासणीच्या या नळीत सायट्रेट आधीच घातलेले असते आणि एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हे प्रमाण सांभाळावे लागते, 0.3 मिलिलिटर सायट्रेटच्या नळीत 2.7 मिलिलिटर रक्त. रक्त कमी पडले की सायट्रेट जास्त होते, गोठायला लागणारा वेळ खोटाच लांबतो, आणि रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या रुग्णाचा डोस त्यावरून चुकीचा कमी केला जाऊ शकतो. तंत्रज्ञेने वॉर्डातल्या परिचारिकांना नळीवरची खूण दाखवून रेषेपर्यंत भरण्याचे प्रात्यक्षिक दिले. पुढच्या महिन्यात अशा नळ्या 19 वरून 3 वर आल्या आणि एकूण नाकारलेले नमुने 44 वरून 28 वर. ही ओळ बायोडेट्यात यायलाच हवी, आणि ती आकड्यांसकट यावी.

पण नाकारण्याचे प्रमाण शून्य असल्याची फुशारकी कोणी मारू नये. गुठळी झालेला सीबीसीचा नमुना, लाल पडलेले सीरम, नाव नसलेली नळी हे सगळ्याच प्रयोगशाळांत येते. रक्तपेशी फुटून लाल झालेल्या सीरममध्ये पेशींमधले पोटॅशियम बाहेर आलेले असते आणि आकडा धोक्याच्या पातळीवर दिसतो. जिथे काहीच नाकारले जात नाही तिथे असे नमुने बिनबोभाट लावले जातात, एवढाच त्याचा अर्थ होतो.

याच भागात एक मर्यादा सांभाळावी लागते. ‘अहवाल तपासून सही केली’ असे तंत्रज्ञाने लिहू नये. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले आहे. तंत्रज्ञ निकालाची तांत्रिक छाननी करतो, आधीच्या निकालाशी ताडून पाहतो, धोक्याचे मूल्य लगेच कळवतो. हे काम पुरेसे जबाबदारीचे आहे आणि त्याच शब्दांत लिहिता येते. कामाचा पुरावा म्हणून रुग्णाचे नाव असलेले अहवाल किंवा त्यांचे फोटो मात्र कधीही जोडू नयेत. जो आजच्या प्रयोगशाळेची गुप्तता मोडतो तो उद्याच्याही मोडेल, असाच विचार निवड करणारा करतो.

सुरक्षिततेची ओळ बहुतेक बायोडेट्यांत शेवटी, उरकून टाकल्यासारखी येते. ती नेमकी करायची तर एका नळीचा आणि एका सुईचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 चे आहेत. त्यांनुसार सुई झाकण पुन्हा न लावता, भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते. रक्ताच्या प्लास्टिकच्या नळ्या आधी प्रयोगशाळेतच निर्जंतुक करून मग लाल पिशवीत, फुटलेली काच निळ्या खोक्यात, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत. पिशव्यांवर बारकोड असतो आणि प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांहून जास्त ठेवता येत नाही. यातले रंग पाठ असणे हे काही कौशल्य नव्हे. कचऱ्याची रोजची नोंद कोण ठेवत होते, ऑटोक्लेव्हची फेरी खरोखर निर्जंतुक झाली हे कशावरून पाहत होते, नव्या सफाई कर्मचाऱ्यांना कोणी शिकवले, हे अनुभव दाखवते. ऑटोक्लेव्हच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता पोचली एवढेच कळते. जंतू मेले की नाही हे जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी लावल्यावरच कळते. ती कोणी लावली असेल, तर ती लिहिण्याजोगी आहे.

स्वतःच्या बचावाबाबत हिपॅटायटीस बीच्या लसीचे तीन डोस पूर्ण झाल्याचे लिहावे. दूषित सुई टोचल्यावर लस न घेतलेल्या व्यक्तीला संसर्ग होण्याची शक्यता ढोबळमानाने हिपॅटायटीस बीसाठी 30 टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटीस सीसाठी सुमारे 3 आणि एचआयव्हीसाठी सुमारे 0.3 टक्के मानतात. यातल्या सगळ्यात मोठ्या धोक्यावर लस आहे, म्हणून मालक तिची चौकशी करतो आणि ती रास्त आहे. एचआयव्हीची तपासणी मात्र नोकरीची अट म्हणून मागता येत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तसे करायला मनाई आहे. बायोडेट्यात असा कोणताही वैयक्तिक निकाल देऊ नये.

सुई टोचल्याची घटना घडली असेल तर ती लपवावी की सांगावी, हा प्रश्न पडतो. बायोडेट्यात तिची गरज नाही. मुलाखतीत विचारले, तर त्यानंतर काय केले ते क्रमाने सांगता यावे: जखम न पिळता साबण-पाण्याने धुतली, लगेच वरिष्ठांना कळवले, अपघात नोंदवहीत लिहिले, आणि डॉक्टरांनी धोका ठरवून एचआयव्ही प्रतिबंधक औषधे सुचवल्यास ती शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घेतली. बायोडेट्यात येईल ती ओळ अशी: ‘सुई टोचणे व रक्त सांडणे यांच्या कार्यपद्धतीचा विभागातला समन्वय; स्पिल किटची मासिक तपासणी; हायपोक्लोराइटचे द्रावण रोज ताजे बनवून तारीख लिहिणे.’ या शेवटच्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होते. हायपोक्लोराइटमधला क्लोरीन ठेवल्या ठेवल्या कमी होत जातो आणि तीन दिवसांपूर्वीच्या बाटलीतल्या वासावर विसंबून सांडलेले रक्त पुसले जाते.

एवढे सगळे मिळून बायोडेटा दोन पानांच्या पुढे जाऊ नये. ज्या विभागात अर्ज आहे त्याचे काम आधी आणि सविस्तर, बाकीचे एकेका ओळीत. पुण्यातली जागा बायोकेमिस्ट्रीची असेल, तर या तंत्रज्ञेने साखरेच्या कंट्रोलची आणि रोजच्या 370 चाचण्यांची ओळ सीबीसीच्या वर न्यावी. मायक्रोबायोलॉजीत तिने इंटर्नशिपपुरतेच काम केले आहे, ते तसेच लिहावे. नोकरीतल्या खंडाचे कारण एका वाक्यात द्यावे.

मानांकित प्रयोगशाळेत निवड झाल्यावर हाच कागद तिच्या वैयक्तिक फाइलमध्ये पात्रतेची प्रमाणपत्रे, प्रशिक्षण आणि कामाच्या वर्णनासोबत लागतो. आयएसओ 15189 नुसार प्रत्येक कर्मचाऱ्याची क्षमता तपासून, कोणत्या कामाला त्याला अधिकार दिला आहे याची नोंद ठेवावी लागते. बायोडेट्यात ‘स्वतंत्रपणे’ म्हटलेल्या यंत्रावरही नव्या ठिकाणी आधी देखरेखीखाली काम, मग क्षमतेची तपासणी आणि त्यानंतर लेखी अधिकार, असा क्रम असतो. मानांकनाच्या तपासणीला आलेला परीक्षक ती फाइल उघडू शकतो, बायोडेट्यातल्या यंत्रावर तंत्रज्ञाला उभे करून काम दाखवायला सांगू शकतो. त्यामुळे पाठवलेल्या प्रतीवर तारीख टाकून एक प्रत स्वतःकडे ठेवावी आणि प्रत्येक आकडा कोणत्या महिन्याच्या नोंदीवरून घेतला ते तिच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे.